‘आय हॅड सेंट’मधला ‘हॅड’ काढला

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमधून परदेशी ग्राहकाला ड्रॉइंग पाठवलं होतं. दोन दिवस उत्तर नाही, म्हणून मी मेल लिहिला: ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅड सेंट द ड्रॉइंग ऑन मंडे. सॉरी टू डिस्टर्ब यू अगेन. काइंडली डू द नीडफुल.’

त्यांचं उत्तर आलं: नेमकं काय हवंय?

मग एकेक वाक्य तपासलं. ‘पाठवलं होतं’ हे मराठीत सहज येतं, पण इंग्रजीत ‘हॅड’ आला की पुढे आणखी काही घडलं असं वाटतं. वार दिलेला असताना साधं ‘सेंट’ पुरतं. ‘परत त्रास देतोय’ हा आपल्याकडे जिव्हाळा. तिथे मात्र आपणच चूक कबूल केल्यासारखं होतं. आणि ‘आवश्यक ते करावे’ ही सरकारी पत्रातली ओळ. तिच्यात काम कोणतं, तेच नाही. ग्राहक गोंधळला तो इथेच.

मराठीत ‘जरा कळवाल का?’मधला मऊपणा ‘जरा’ आणि ‘का’मध्ये असतो. इंग्रजीत तो ‘कुड यू’ सांभाळतं, वर ‘काइंडली’ लागत नाही. नवा मेल असा झाला:

‘हाय (पहिलं नाव), आय सेंट द रिव्हाइज्ड ड्रॉइंग ऑन मंडे. कुड यू कन्फर्म द होल साइज बाय थर्सडे? वी प्लॅन टू स्टार्ट मशीनिंग ऑन फ्रायडे.’

मुदतीमागचं कारण दिलं की ती हुकूम वाटत नाही. ‘हाय’ मात्र ग्राहक स्वतः पहिल्या नावाने सही करत होता म्हणून. नाहीतर मी ‘डिअर मिस्टर’ आणि आडनावच लिहितो.