विडीचा हिशोब बंडलात विचारा

“दिवसाला किती विड्या?” असं रुग्णाला विचारलं की वॉर्डात ठरलेलं उत्तर येतं, “चार-पाच.” त्याऐवजी विचारा, “मामा, एक बंडल किती दिवस पुरतं? त्यात विड्या किती असतात?” बंडल विकत आणलेलं असतं, त्यामुळे ते नेमकं आठवतं.

तासगावकडचे एक शेतकरी, वय 58. “ओढता का?” म्हटल्यावर “नाही” म्हणाले. “कधीपासून नाही?” विचारल्यावर कळलं, खोकला वाढला म्हणून पंधरा दिवसांपूर्वी सोडली. म्हणून हा दुसरा प्रश्न कधीच गाळू नका.

मग असं लिहा:

1. प्रकार: विडी. तंबाखू, मिश्री वेगळी नोंदवा, ती या हिशोबात येत नाही.
2. किती, किती वर्षं: अठराव्या वर्षी सुरुवात. पहिली 20 वर्षं रोज 10, पुढची 18 वर्षं 25 चं बंडल रोज. रोजच्या विड्या गुणिले वर्षं: 200 अधिक 450, स्मोकिंग इंडेक्स 650. एकच आकडा सगळ्या वर्षांना लावला तर हिशोब हमखास चुकतो.
3. सोडण्याचे प्रयत्न: मध्ये 2 वर्षं पूर्ण बंद (ती वर्षं वर धरलेली नाहीत). परत कशामुळे सुरू झाली? रात्री उसाला पाणी पाजताना, जागं राहायला. समुपदेशनाला हीच ओळ कामाला येते, ती त्यांच्याच शब्दांत लिहा.

एक जपा: पॅक-इयर 20 सिगारेटच्या पाकिटावर बेतलेलं आहे. विडीचं बंडल म्हणजे एक पाकीट धरू नका.