मॅडम निवृत्त होताहेत, त्यांना ‘होत्या’ करू नका

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात कुणी निवृत्त व्हायचं ठरलं की मानपत्र तपासायचं काम माझ्याकडे येतं. चुका ठरलेल्या असतात. ‘मॅडम अभ्यासू होत्या, प्रेमळ होत्या’ ही पहिली. अहो, बाई समोर खुर्चीत बसल्यात! ‘पोकळी’ हा शब्दही श्रद्धांजलीसाठी राहू द्या.

खरा घोटाळा संशोधनाच्या ओळीत होतो. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या एका मॅडमनी ठाणे खाडीतल्या तिवराच्या पानांवर साठणाऱ्या मिठाचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षं घातली. मानपत्र लिहिणारा मुलगा नवा आणि घाईत. दुसऱ्याच कुणाच्या मानपत्रात त्याने नाव बदललं आणि मध्ये ‘कांदळाच्या पानांवरील मिठाचे मूलगामी संशोधन’ अशी ओळ घातली. सगळ्या खारफुटीला कांदळवन म्हणतात, म्हणून झाड कांदळच असणार, असा त्याचा हिशेब. मीही वरवर वाचून सोडून दिलं. फ्रेम हातात घेतल्यावर मॅडमनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, “अरे, कांदळ मीठ मुळाशीच अडवतो. पानातून बाहेर टाकतो तो तिवर. म्हणजे मी इतकी वर्षं भलत्याच झाडाखाली उभी होते?” सभागृह हसलं. मी मात्र मान खाली घालून बसलो.

तेव्हापासून मी संशोधनाची ओळ मॅडमच्या हाताखाली खाडीत उतरलेल्या विद्यार्थ्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायला देत नाही. ‘मूलगामी’, ‘अतुलनीय’ काढून टाकतो आणि झाडाचं नाव, जागा आणि काय पाहिलं एवढंच ठेवतो. शोधनिबंधांचा आकडा नको, तो सेवापुस्तकात असतोच.

दुसरी माझी चीड म्हणजे ‘कनिष्ठांना मोलाचे मार्गदर्शन’. कसलं मार्गदर्शन? मी तीन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून एकच विचारतो, “मॅडमनी तुझं काय खोडलं होतं?” त्या वेळी तिघांनीही वहीचंच नाव घेतलं. चिखलाच्या नमुन्यापुढे भरती-ओहोटीची वेळ नसली की मॅडम नमुना टाकून द्यायला लावायच्या आणि पुढच्या ओहोटीला स्वतः बरोबर यायच्या. दुरुस्त मानपत्रात मग असं लिहिलं:

“मॅडम, तिवर आपल्या पानांतून मीठ कसं बाहेर टाकतो, हे तुम्ही ठाणे खाडीच्या चिखलात उभं राहून आम्हाला दाखवलंत. वेळ न लिहिलेला नमुना तुम्ही कधी चालवून घेतला नाहीत आणि तो पुन्हा आणताना आम्हाला एकटंही सोडलं नाहीत. आमच्या वह्यांत आजही पहिला रकाना ओहोटीचा असतो.”

बाकी किरकोळ. वाचायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर कापा. आडनाव आणि पदनाम त्यांच्याच टेबलावरच्या पाटीवरून उतरवा. आणि निरोपाच्या दुपारी स्टेशनजवळ छपाईला पळू नका. तिथे शुद्धलेखन कुणी तपासत नाही.

नवी फ्रेम मॅडमनी घरी लावली. जुनी प्रयोगशाळेत आहे, ‘कांदळ’वर त्यांची लाल पेनाची काट आहे.