जुन्या नाण्याचा फोटो असा काढा, म्हणजे ते ओळखता येईल

पेटीत सापडलेलं तांब्याचं नाणं तळहातावर ठेवून, फ्लॅश मारून काढलेला फोटो पाठवायचा आणि विचारायचं, ‘हे कुठलं?’ अशा फोटोवरून जाणकारालाही काही सांगता येत नाही. मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचं, शिवराईचंच उदाहरण घेऊ.

आधी एक ताकीद. नाणं चिंच, पितांबरी, लिंबू कशानेही घासू नका. जुनी झाक तर जातेच, अक्षरांच्या कडाही झिजतात. माती असेल तर नुसत्या पाण्याने धुवा.

नाणं करड्या कागदावर ठेवा. मोबाइल नाण्याच्या बरोबर वर, वीतभर उंचीवर धरा आणि थोडं झूम करा. अगदी जवळ नेलात तर मोबाइलचीच सावली पडते.

खरी मेख प्रकाशात आहे. माझाही सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. फ्लॅश समोरून पडतो, सावल्या पुसतो आणि झिजलेलं नाणं सपाट चकती दिसतं. फ्लॅश बंद करा, खोलीतले दिवे घालवा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून तिरपा मारा. उठावाच्या एका बाजूला सावली पडते आणि अक्षरं वर येतात.

पण एकाच दिशेने प्रकाश टाकून थांबू नका. उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही, म्हणून दिसतच नाही. दुदांडी शिवराईवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात. टॉर्च डावीकडून मारला तर काना ठसठशीत दिसतो, पण या रेघा गायब होतात, आणि दुदांडी साधी शिवराई वाटते. टेबलालगतच नाण्याच्या वरच्या कडेकडून मारला की रेघा दिसतात, काना फिका पडतो. म्हणून नाणं न हलवता डावीकडून, वरच्या कडेकडून आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून प्रकाश टाकून असे तीन फोटो घ्या. खालच्या कडेकडून प्रकाश टाकू नका, डोळा फसतो आणि उठाव खड्डे वाटू लागतात.

आता दुसरी बाजू. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या दोन्ही बाजू तशाच घ्या. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने बऱ्याच नाण्यांवर अक्षरं अर्धवटच उमटतात, एका बाजूचं हुकलेलं दुसरीकडे भरून निघतं. जाडी दिसावी म्हणून कडेचाही एक फोटो हवा.

मापासाठी शेजारी रुपया ठेवायची सवय सोडा. 1992 चा रुपया 25 मिलिमीटरचा, 2011 चा 22 चा आणि 2019 चा 20 चा. बघणाऱ्याला तुमचा कुठला ते कसं कळणार? मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी नाण्याला लागून ठेवा. वजन सराफाकडून करून घ्या.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर तो दाबला जातो आणि टॉर्चने उठवलेल्या बारीक रेघा पुसट होतात.