भिंतीच्या मातीच्या गिलाव्यासाठी माती, भुसा आणि शेण यांचा अंदाज

पावसाळा ओसरून भिंती आतून सुकल्यावर आणि मळणीचा भुसा हाताशी आल्यावर मातीचा गिलावा करणे सोयीचे पडते. सामान कमी पडण्याचे कारण बहुधा क्षेत्रफळात नसते, ते जाडीत असते. भिंत सपाट आहे असे धरून एक इंचाचा हिशेब केला जातो, पण जुन्या भिंतीतील खड्डे त्यापेक्षा बरीच जास्त माती खातात. म्हणून प्रथम भिंतीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकून, सर्वांत फुगलेल्या भागापासून पाऊण इंच अंतर राहील अशा बेताने दोरी ताणावी, दोरी व भिंत यांतील अंतर वेगवेगळ्या उंचीवर दहा-बारा ठिकाणी मोजावे आणि त्याची सरासरी हीच गिलाव्याची जाडी मानावी.

उदाहरणादाखल २० फूट लांब व ९ फूट उंच भिंत घेऊ. तिचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट होते. त्यातून ३ × ६.५ फुटांचे दार आणि ३ × ४ फुटांची खिडकी वजा केली की १४८.५ चौरस फूट उरतात. सरासरी जाडी सव्वा इंच निघाली, तर १४८.५ ला १.२५ ने गुणून १२ ने भागावे. लावलेल्या गिलाव्याचे घनफळ सुमारे १५.५ घनफूट येते. जाडी सरसकट एक इंच धरली असती तर उत्तर १२.४ आले असते, म्हणजे काम चार भिंतींचे असेल तर जवळजवळ एका भिंतीची माती कमी पडली असती.

मात्र १५.५ घनफूट गिलाव्याला तेवढीच सैल माती पुरत नाही, कारण पाणी घालून तुडवल्यावर ती दबते. कोरड्या, चाळलेल्या मातीसाठी १.३ ने गुणावे आणि सांडलवंडीसाठी दहा टक्के वाढवावेत. या भिंतीला सुमारे २२ घनफूट माती लागेल. माती खडेरी असेल तर चाळणीवर राहणारा भाग धरून जास्त आणावी. घमेल्याचे माप गृहीत धरू नये. आपले घमेले पाण्याने काठोकाठ भरून त्यात किती लिटर मावतात ते पाहावे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.

भुसा मात्र घमेल्याने मोजू नये, कारण तो दाबावा तितका दबतो. एक घनमीटर मातीला ३५ किलो हे रूढ प्रमाण आहे आणि एका घनमीटरमध्ये साधारण ३५ घनफूट असल्याने, घनफुटाला एक किलो कोरडा भुसा एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. येथे २२ किलो लागेल. भाताचा पेंढा वापरायचा असल्यास पहिल्या थरासाठी त्याचे दोन इंचांचे तुकडे करावेत आणि वरच्या थरासाठी ते आणखी बारीक कापावेत. भुसा वाढवला की भेगा कमी होतात हे खरे, पण फार वाढवल्यास थर घोटला जात नाही, भिंतीला नीट चिकटत नाही आणि हळू वाळल्यास त्यावर बुरशी धरते.

ताजे शेण गिलाव्याच्या मातीच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे येथे २.२ घनफूट किंवा अंदाजे ६० किलो घ्यावे. शेवटचा तीन मिलिमीटरचा सारवणाचा थर बारीक चाळलेली माती व शेण समप्रमाणात घेऊन करतात. त्यासाठी प्रत्येकी एक घनफूट वेगळे ठेवावे. त्यामुळे शेणाची एकूण गरज ९० किलोंच्या आसपास जाते. दावणीला दोनच जनावरे असतील तर एवढे शेण एका दिवसात जमत नाही, म्हणून ते चार-पाच दिवस आधीपासून सावलीत, झाकून, ओलसर ठेवून साठवावे.

सगळी माती भिजवण्याआधी एक फूट लांब-रुंद तुकडा ठरलेल्या जाडीने भिंतीवरच लावून पूर्ण वाळू द्यावा. हा टप्पा टाळू नये, असा माझा आग्रह आहे. त्यावर रुंद भेगा पडल्या तर चिकणमाती जास्त आहे. मातीचा काही भाग काढून तेवढीच वाळू घालावी आणि ती २२ घनफुटांतच मोजावी. बोटाने घासल्यावर भुकटी सुटली तर वाळू जास्त आहे. वाळल्यावर पांढरा क्षार फुटला तर ती माती गिलाव्याला वापरूच नये. काळी कपाशीची जमीन ओलीने फुगते व वाळताना फाटते, त्यामुळे तिच्यात बरीच वाळू मिसळावी लागते.

माती, भुसा व शेण एकत्र तुडवून दोन-तीन दिवस ओले ठेवल्यास भुसा मऊ होतो आणि मिश्रणाला चिकटपणा येतो. भिंतीवर पाणी शिंपडून खोल खड्डे आदल्या दिवशी भरावेत, आणि एका वेळी पाऊण इंचापेक्षा जाड थर देऊ नये, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. पहिल्या थराच्या भेगा पडून झाल्या की त्याला पाणी मारून दुसरा थर द्यावा. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी, जेथे वळचणीचे पाणी उडते, तेथे हा गिलावा फार काळ टिकत नाही. तेवढ्या पट्ट्याच्या दुरुस्तीसाठी दोन-तीन घनफूट चाळलेली माती कोरडी राखून ठेवावी.