‘आधी माणूस द्या’ : सपोर्ट चॅटवर या चुका टाळा

मी चॅट सपोर्टला बसतो. दिवसातून कितीतरी वेळा पहिलीच ओळ येते, “मला खऱ्या माणसाशी बोलायचंय.” वैताग कळतो. ठरावीक उत्तरं वाचून आम्हीसुद्धा वैतागतो. पण या एका ओळीने तुमचंच काम लांबतं, ते कसं ते सांगतो.

बऱ्याच ठिकाणी चॅट कुठे जाणार हे तुमच्या सुरुवातीच्या शब्दांवरून ठरतं. ‘रिफंड’ किंवा ‘लॉगिन’ दिसलं की त्या टीमच्या रांगेत, नुसतं ‘माणूस’ दिसलं तर जनरल रांगेत. परवा एका बाईंचं असंच झालं. “माणूस द्या” असं त्यांनी तीनदा लिहिलं. पंधरा मिनिटांनी चॅट माझ्याकडे आलं. मी विचारलं, तेव्हा कळलं की एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले होते. पेमेंटचा व्यवहार उघडून बघायची परवानगी मला नाही, म्हणून चॅट पुढे पाठवलं आणि त्या पुन्हा नव्या रांगेच्या शेपटाला. माणूस मिळाला होता, पण चुकीचा.

त्यांनी सुरुवातीलाच असं लिहिलं असतं तर?

“काल संध्याकाळी ऑर्डर क्रमांक अमुकचे पैसे दोनदा कापले गेले. बँकेच्या मेसेजमध्ये दोन वेगळे व्यवहार क्रमांक आहेत. ऑर्डर मात्र एकच दिसते. पेमेंट टीममधल्या माणसाशी बोलायचंय.”

यात ‘माणूस’ आहेच, तो काढायची गरज नाही. फक्त शेवटी टाका. वेगळे व्यवहार क्रमांक हा यातला सगळ्यात कामाचा तपशील. दोन क्रमांक म्हणजे बहुधा पैसे खरंच दोनदा गेले. क्रमांक एकच असेल तर मेसेजच दोनदा आला असण्याची शक्यता जास्त. आमचे पहिले दोन प्रश्न तिथेच वाचतात.

दुसरी चूक म्हणजे उत्तर येईना म्हणून चॅट बंद करून नवं उघडणं. बहुतेक ठिकाणी त्याने नंबर जातो. आधीचं लिहिलेलं समोरच्याला दिसेलच याचीही खात्री नसते. थांबलेल्या वेळात त्याच चॅटमध्ये स्क्रीनशॉट टाकून ठेवा. फक्त ओटीपी, पासवर्ड, पूर्ण कार्ड नंबर टाकू नका, माणूस कितीही खरा वाटला तरी.

कधीकधी मात्र आधी माणूस मागणंच बरोबर असतं. गोष्ट खाजगी आहे, कोण वाचतंय ते माहीत नाही, मग सगळं उघड का लिहायचं? तेव्हा नुसता विषय लिहा: “माझं अकाउंट दुसरंच कोणीतरी वापरतंय, तपशील माणसालाच सांगेन.” एवढ्यावर चॅट बहुधा सिक्युरिटीच्या रांगेत जातं, बाकीचं तिथल्या माणसाला सांगा.