खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या नसतात: अणूच्या आकारात मी कुठे अडकलो

अकरावीच्या पहिल्या चाचणीत सोडिअम, मॅग्नेशिअम, क्लोरीन आणि पोटॅशिअम हे अणू आकाराच्या उतरत्या क्रमाने मांडायचे होते. मी लिहिलं: पोटॅशिअम, क्लोरीन, मॅग्नेशिअम, सोडिअम. पोटॅशिअम पहिला, एवढंच बरोबर. बाकी सगळं उलटं. त्याचं वाईट वाटलं ते अजून आठवतं, कारण मी पाठ केलेलं ओकलं नव्हतं, विचार करून लिहिलं होतं.

विचार असा होता. अणू म्हणजे नाट्यगृह. मंचावर केंद्रक, समोर खुर्च्यांच्या रांगा म्हणजे कवचं, त्यांत बसलेली माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडिअमची मांडणी 2, 8, 1, म्हणजे तिसऱ्या रांगेत एकच माणूस. क्लोरीनची 2, 8, 7, तिथे सात माणसं. जास्त माणसं म्हणजे जास्त जागा, म्हणून क्लोरीन मोठा.

चूक नाट्यगृहाच्या चित्रात नव्हती. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत असं मी धरून चाललो होतो, ती चूक. अणूतल्या खुर्च्या मांडवातल्या खुर्च्यांसारख्या सुट्या असतात. मंचाची ओढ वाढली की अख्खी रांग पुढे सरकते.

आता ही ओढ मोजून बघा. सोडिअमच्या मंचावर 11 प्रोटॉन. शेवटच्या माणसापुढे दोन रांगांत 10 जण बसलेत, ते आड येतात. ढोबळ हिशेबाने त्याच्यापर्यंत पोचते ती 11 उणे 10, म्हणजे एकाची ओढ. क्लोरीनच्या मंचावर 17 प्रोटॉन, पण पुढच्या रांगांत तेवढेच 10 जण. उरली सातची ओढ. एकाच रांगेतले शेजारी एकमेकांना थोडेसेच आड येतात, त्यामुळे खरा आकडा सातपेक्षा जरा कमी भरतो, पण दिशा बदलत नाही. सोडिअमची त्रिज्या 186 पिकोमीटर, मॅग्नेशिअमची 160, क्लोरीनची फक्त 99. तीच तिसरी रांग, पण मंचाच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आलेली.

पोटॅशिअमला मात्र चौथी रांगच उघडावी लागते: 2, 8, 8, 1. मंचावर 19 प्रोटॉन आहेत खरे, पण 18 जण आड आहेत. म्हणून तो सोडिअमपेक्षाही मोठा. बरोबर क्रम पोटॅशिअम, सोडिअम, मॅग्नेशिअम, क्लोरीन.

क्लासमध्ये आम्हाला बाणांचा तक्ता दिला होता: खाली गेलं की वाढतं, उजवीकडे गेलं की घटतं. माझं स्पष्ट मत आहे, तो तक्ता वहीत चिकटवूच नका. आकारापुरता तो चालतो आणि क्रियाशीलतेला पोचलात की तोंडावर पाडतो. क्रियाशीलतेला एकच बाण नाही. आधी विचारायचं: हा अणू माणूस सोडतो की घेतो?

सोडणाऱ्याचा शेवटचा माणूस जितका लांब, तितका सहज उठून जातो. म्हणून पाण्यावर सोडिअमचा तुकडा वितळून गोळी होऊन पळतो, तर पोटॅशिअम लगेच जांभळट ज्योतीने पेटतो. पहिल्या गणात खाली जाताना क्रियाशीलता वाढते. घेणाऱ्याचं उलटं. क्लोरीनची रिकामी खुर्ची तिसऱ्या रांगेत, ब्रोमीनची चौथ्या रांगेत. मंचाजवळच्या खुर्चीची ओढ जास्त, म्हणून सतराव्या गणात खाली जाताना क्रियाशीलता घटते. हे पहिल्या वाचनात डोक्यात बसलं नाही तर घाबरू नका, मलाही दोन आठवडे लागले. पण दोन्ही गणांना एकच नियम लावाल तर मार्क जाणारच.

प्रात्यक्षिकात हे दिसतं. पोटॅशिअम ब्रोमाइडच्या बिनरंगी द्रावणात क्लोरीनचं पाणी घाला, द्रावण पिवळं-नारंगी होतं. क्लोरीनने ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला आणि ब्रोमीन मोकळा झाला. उलट करून पोटॅशिअम क्लोराइडमध्ये ब्रोमीनचं पाणी घातलं, तर तिथेही नारंगी रंग दिसतो! आमच्या बॅचमधल्या अनेकांनी ‘अभिक्रिया झाली’ असं लिहून टाकलं. तो रंग ब्रोमीनच्या पाण्याचाच असतो, अभिक्रिया झालेलीच नसते. शेजारच्या परीक्षानळीत तेवढंच ब्रोमीनचं पाणी साध्या पाण्यात घालून ठेवा आणि दोन्ही रंग शेजारी धरून बघा. आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायक काकांनी मला हे दाखवलं, कुठल्याही गाइडमध्ये मला ते सापडलं नव्हतं.

एक जागा अशी आहे जिथे रांगा मोजूनही फसाल. गॅलिअम ॲल्युमिनिअमच्या खाली आहे, एक रांग जास्त आहे, तरी आकाराने किंचित लहान आहे. मधल्या दहा मूलद्रव्यांत मंचावर दहा प्रोटॉन वाढले आणि आतल्या तिसऱ्या रांगेत दहा जण येऊन बसले. हे d उपकवचातले, ते नीट आड येत नाहीत. त्यामुळे गॅलिअमच्या शेवटच्या रांगेवर अपेक्षेपेक्षा जास्त ओढ पडते आणि ती पुढे सरकते.