सिगारेट-दारू सोडली तरी चेहरा सुधारत नाही? या चुका टाळा

दवाखान्यात आठवड्याला एक तरी माणूस असा येतो, ज्याने महिना-दीड महिन्यापूर्वी सिगारेट, दारू किंवा साखर सोडलेली असते आणि आता तो वैतागलेला असतो. "डॉक्टर, एवढं सोडलं, पण आरशात काडीचा फरक नाही." २२ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतेय, हे वाक्य किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही. सोडण्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. तो आरशात चुकीच्या जागी बघत असतो. चेहऱ्यावरची सूज उतरायला आठवडे लागतात, रंग सुधारायला महिने आणि सुरकुतीला वर्षं. हा माणूस पहिल्याच महिन्यात नेमका सुरकुतीकडे बघत बसतो आणि तिथे काही हललं नाही की एक तर परत ओढायला लागतो, नाहीतर काहीतरी जहाल चेहऱ्याला फासतो.

पहिली चूक: सोडल्यावर लगेच पील, लेझर, जहाल क्रीम

ही मला सगळ्यात जास्त छळणारी चूक आहे.

४६ वर्षांचे एक गृहस्थ. दिवसाला साधारण १५ सिगारेटी, २४ वर्षं. एकदम बंद केल्या, आणि ते खरंच अवघड काम त्यांनी मनापासून केलं. पाचव्या आठवड्यात वरच्या ओठावरच्या उभ्या रेघा तशाच दिसल्या म्हणून त्यांनी ऑनलाइन टीसीए पीलची, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणाऱ्या आम्लाची, बाटली मागवली. हे आम्ही दवाखान्यातसुद्धा जपून वापरतो, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तर फारच जपून. त्यांनी एक थर दिला. "फारसं झोंबलं नाही" म्हणून दुसरा दिला. थोड्या वेळात ओठावरची कातडी पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर बसले होते, तोंडाला रुमाल लावून.

जखम १२ दिवसांत भरली. पण तिथे गडद तपकिरी पट्टा उमटला, लांबून मिशीच वाटावी असा. तो पुसट व्हायला नऊ महिने लागले. त्यातले पहिले चार महिने मला रेघांसाठी कोणतंच औषध सुरू करता आलं नाही, कारण आधी त्वचा शांत होणं गरजेचं होतं. घाईने वेळ वाचला तर नाहीच, वर चार महिने गेले.

रेघा पाच आठवड्यांत का जात नाहीत, हे आता सांगते. प्रत्येक सिगारेटबरोबर निकोटिनमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त कमी प्राणवायू वाहून नेतं. चेहऱ्यावर राखाडी, निस्तेज झाक येते ती यामुळे. शिवाय धुरामुळे त्वचेतला कोलॅजन तोडणारी विकरं वाढतात आणि नवा कोलॅजन बनणं मंदावतं. कोलॅजन म्हणजे त्वचेला आतून ताणून धरणारे धागे. सिगारेट सोडल्यावर कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो आणि रक्तपुरवठा काही आठवड्यांत सुधारतो. धाग्यांची तोडमोडही मंदावते. पण जे धागे २४ वर्षांत तुटले, ते आपोआप जुळत नाहीत. त्वचेतल्या कोलॅजनचं निम्मं आयुष्यच साधारण १५ वर्षांचं असतं. एवढ्या संथ गोष्टीला पाच आठवडे म्हणजे काहीच नाही.

या गृहस्थांचा तिसऱ्या महिन्याचा फोटो मी त्यांना आधीच्या फोटोशेजारी ठेवून दाखवला. राख गेलेली होती, गालांना रंग होता, डोळ्यांखालचा काळेपणा थोडा कमी. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण ते रोज फक्त ओठांवरच्या रेघा मोजत होते.

पुढे काय केलं? त्वचा शांत झाल्यावर ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन क्रीम, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, आठवड्यातून फक्त दोन रात्री. दोन महिन्यांनी एकाआड एक रात्र. सकाळी सनस्क्रीन, न चुकता. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं, आणि गरोदरपणात किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर घ्यायचं नाही. दीड वर्षाने त्यांच्या बारीक रेघा बऱ्याच मऊ पडल्या. ओठावरच्या चार खोल रेघा मात्र राहिल्या, आणि त्या क्रीमने जाणार नाहीत हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोल रेघेला लेझर किंवा फिलर लागतं, आणि तेही पूर्ण पुसून टाकत नाही.

माझी सवय अशी: फोटो महिन्यातून एकदाच काढायचा. तीच खिडकी, सकाळची तीच वेळ, चेहरा धुऊन २० मिनिटांनी. एक समोरून, एकेक दोन्ही बाजूंनी. मोबाइलमधला ब्यूटी मोड बंद. पहिले तीन महिने कोणतंही पील नाही, लेझर नाही, खरखरीत स्क्रब नाही. साधा मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण या तीन महिन्यांत चेहरा स्वतःहून किती सुधारतो ते कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरवताच येत नाही.

दुसरी चूक: दारूची सूज आणि दारूची लाली एकच समजणं

दारूने चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक फुगवटा: पापण्या जड, गाल भरलेले, जबड्याची रेघ हरवलेली. विस्कटलेली झोप, सोबतचं खारट खाणं आणि शरीरातल्या पाण्याची उलथापालथ यांचा तो परिणाम. दारू थांबली की दोन-तीन आठवड्यांत यात स्पष्ट फरक दिसतो, आणि सगळ्यात आधी दिसणारी खरी सुधारणा हीच.

दुसरी गोष्ट लाली. दारूने रक्तवाहिन्या फुलतात. वर्षानुवर्षं फुलत राहिल्या की काही कायमच्या रुंद होतात आणि नाकाच्या बाजूला, गालांवर लाल धाग्यांसारख्या दिसतात. या दोन्ही लाल्या घरी ओळखता येतात. सकाळी, थंड खोलीत २० मिनिटं शांत बसल्यावर आरशाजवळ जा. पसरलेला लालसरपणा असेल तर तो दोन-तीन महिन्यांत बराच ओसरतो. पण सुटे धागे मोजता येत असतील, तर ते कितीही काळ वाट पाहिली तरी आपणहून जात नाहीत. त्यावर रक्तवाहिन्यांचं लेझर चालतं, सहसा दोन-तीन सत्रांत. पिणं चालू ठेवून लेझर केलं तर काही महिन्यांनी शेजारी नवे धागे तयार होतात. असे लोक मी परत पाठवते.

इथला सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे लालीवर स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम. पहिल्या आठवड्यात चेहरा गोरा, नितळ दिसतो म्हणून माणूस खूश होतो. पण तेच क्रीम त्वचा पातळ करतं आणि नव्या लाल वाहिन्या उघड्या पाडतं. दारूने जे दहा वर्षांत केलं, त्यात हे क्रीम काही महिन्यांत भर घालतं, आणि थांबवलं की चेहरा भडकतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीही लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आधीच महिनोन्‌महिने लावत असाल, तर बंद करतानाही विचारूनच करा.

लाल ठिपका कोळ्यासारखा असेल, म्हणजे मध्ये टिंब आणि बाजूला पाय, तर मधल्या टिंबावर दाब द्या. पाय नाहीसे होऊन दाब काढताच मधून बाहेर परत भरले, तर तो ‘स्पायडर नीव्हस’. एखादा कुणालाही असतो, गरोदरपणातही येतात. पण पिणाऱ्या माणसाच्या चेहरा-मान-छातीवर चार-पाच दिसले किंवा डोळे पिवळसर वाटले, तर त्वचेचं राहू द्या, आधी लिव्हरची तपासणी करा.

आणि हे अगदी मनापासून सांगते: रोज भरपूर पिणाऱ्याने चेहऱ्यासाठी म्हणून एका दिवसात दारू बंद करू नये. हात थरथरणं, झटके, भ्रम हे पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊ शकतं आणि जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

तिसरी चूक: साखरेचा काळेपणा घासून काढणं

एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मान आणि कानशिलं काळवंडलेली, हात लावला तर मखमलीसारखी जाड. "रोज घासते हो, पण मळ निघतच नाही." मान घासून घासून सोललेली होती. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की त्वचा अशी जाड आणि काळी होते. ॲकँथोसिस म्हणतात त्याला. मुलगी दिवसाला तीन बाटल्या गोड पेय पीत होती. रक्ततपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. घासणं बंद केलं, गोड पेय बंद केलं, वजन सहा किलो उतरलं. पाच महिन्यांनी मान मऊ झाली आणि रंग निम्म्याहून जास्त उतरला. घासत राहिली असती तर आणखी काळी झाली असती.

साखर कमी केल्यावर मुरमांमध्ये फरक दिसायला १० ते १२ आठवडे द्या. साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक करते, ते मात्र जवळपास परत फिरत नाही. साखर कमी केल्याने पुढचं नुकसान मंदावतं, एवढंच. कोलॅजनची पावडर पिऊन हे धागे सुटत नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

सिगारेट सोडून तोंडात सतत गोळ्या-चॉकलेट ठेवणं: एक नुकसान थांबवून दुसरं सुरू.

सिगारेटऐवजी व्हेप: निकोटिन तेच, रक्तवाहिन्या आवळतात त्याही त्याच.

साखरेऐवजी मध आणि फळांचा रस: शरीराच्या दृष्टीने साखरच.

ओठ आणि हिरड्यांचा काळेपणा लिंबाने घासणं: सिगारेट सुटल्यावर तो हळूहळू उतरतो, कधी काही महिने, कधी दोन-तीन वर्षं. मध्येच डाग उंचावला, त्याचा आकार बदलला किंवा जखम भरेनाशी झाली, तर वाट बघू नका, दाखवा.

जाड, लाल, उंचवटे आलेलं नाक म्हणजे पिणाराच, असं धरून चालणं: तो रोझेशियाचा आजार आहे आणि आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही होतो.

फेसलिफ्ट किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात सिगारेट सोडणं: किमान चार आठवडे आधी सोडा आणि नंतरही तितकेच दिवस लांब राहा, नाहीतर टाक्यांच्या कडेची कातडी मरते. सर्जनपासून हे लपवणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या एका बाईंच्या कानामागची जखम सात आठवडे उघडी होती.